सुक्या मालाचा १.५४ : एका स्लॅबची सिमेंट, रेती आणि गिट्टी कशी काढायची

वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि पाच इंच जाड, असा एक स्लॅब घेऊ. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट आहे. त्यात भिंतींवर टेकणारा भाग आणि थोडा छज्जा धरला की विदर्भातल्या खेड्यात टाकला जाणारा स्लॅब बहुतेक याच मापाच्या आसपास येतो. म्हणून सगळा हिशेब याच एका स्लॅबवर करून दाखवतो. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

आधी काँक्रीट किती लागेल ते काढू. पाच इंच म्हणजे ०.४१७ फूट. २० गुणिले १५ गुणिले ०.४१७ केलं की १२५ घनफूट येतात. हे ओल्या, ठोकून बसवलेल्या काँक्रीटचं माप आहे. सेंट्रिंगच्या फळ्यांवर जी जागा भरायची आहे, ती ही.

प्रमाण १:१.५:३ घेतलं आहे. म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी. एम २० काँक्रीट म्हणतात ते हेच, आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे लोखंड घातलेल्या कामाला याच्याखालचं चालत नाही. भागांची बेरीज ५.५ होते.

आता नवखा माणूस काय करतो ते पाहा. तो १२५ ला ५.५ ने भागतो. २२.७ घनफूट सिमेंट येतं, म्हणजे १८-१९ पोती. तेवढी पोती तालुक्याहून आणून ठेवतो. प्रत्यक्षात या स्लॅबला २८-२९ पोती लागतात. दुपारी स्लॅब दोन-तृतीयांश झाल्यावर माल संपतो, दुकान वीस किलोमीटरवर असतं, आणि गाडी येईपर्यंत टाकलेल्या काँक्रीटची कड घट्ट होऊन बसते. नंतर तिला लागून टाकलेलं काँक्रीट तिच्याशी एकजीव होत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच रेषेतून पाणी गळतं. दहा पोत्यांची ही तूट एकच आकडा विसरल्यामुळे येते, तो म्हणजे १.५४.

माल कमी का भरतो

प्रमाणातले भाग सुक्या, सैल मालाचे असतात. गिट्टीचं घमेलं भरलं तर त्यात जवळपास निम्मी जागा खड्यांच्या मधली, रिकामी असते. रेतीतही कणांच्या मध्ये हवा असते. सिमेंटमध्ये तर निम्म्याहून जास्त पोकळी असते. सैल सिमेंटचं वजन घनमीटरला १४४० किलो धरतात, आणि त्याच्या कणांचं घट्ट वजन घनमीटरला सुमारे ३१५० किलो भरतं. पाणी घालून मिसळलं की सिमेंटची लापशी रेतीच्या फटींत शिरते आणि तो मसाला गिट्टीच्या फटींत शिरतो. माल कुठेही गेलेला नसतो, फक्त फटी भरलेल्या असतात.

एका पोत्याच्या मालावर हे मोजून बघू. ५० किलोचं पोतं सैल मापात सुमारे ३५ लिटर भरतं. त्याच्या दीडपट रेती ५२.५ लिटर आणि तिप्पट गिट्टी १०५ लिटर. सुक्या मालाची बेरीज १९२.५ लिटर झाली.

आता फटी वगळून नुसत्या कणांची जागा पाहू. सिमेंट सुमारे १६ लिटर, रेती ३२ लिटर, गिट्टी ५६ लिटर. त्यात २५ लिटर पाणी मिळवा. बेरीज १२९ लिटर. म्हणजे १९२.५ लिटर सुका माल शेवटी १२९ लिटर काँक्रीट होतो. १९२.५ ला १२९ ने भागलं की दीडच्या जरा खाली उत्तर येतं. मिक्सरच्या ड्रमला चिकटणारा, घमेल्यातून सांडणारा आणि फळ्यांच्या फटीतून गळणारा माल धरून व्यवहारात १.५४ घेतात. काही जण १.५२ घेतात, काही १.५७. गिट्टीत फक्त २० एमएमचेच खडे असतील तर फटी जास्त, आकडा वर. १० एमएमची गिट्टी नीट मिसळलेली असेल तर फटी कमी, आकडा खाली. नवख्याने १.५४ धरून चालावं.

अशीच घट मिक्सरच्या नावातही दिसते. भाड्याने आणतो तो १०/७ मिक्सर घ्या. त्यात १० घनफूट सुका माल जातो आणि ७ घनफूट काँक्रीट बाहेर पडतं, असा त्याचा अर्थ आहे. १० ला ७ ने भागा, १.४३ येतात. बनवणाऱ्यानेही आवळलेल्या मालाचा हिशेब धरलेला आहे.

एक प्रश्न हमखास विचारला जातो, की पाणी प्रमाणात का नाही. पाणी फटींत जातं आणि थोडी जागा खातं, ती जागा १.५४ मध्ये धरून झालेली आहे. म्हणून पाण्याचा भाग वेगळा मोजायचा नाही.

वाटणी

ओलं माप १२५ घनफूट. त्याला १.५४ ने गुणलं की १९२.५ घनफूट सुका माल. त्याला ५.५ ने भागलं की ३५ घनफूट. हा झाला एक भाग.

सिमेंट एक भाग, म्हणजे ३५ घनफूट. रेती दीड भाग, ५२.५ घनफूट. गिट्टी तीन भाग, १०५ घनफूट. तिन्हींची बेरीज करा, परत १९२.५ यायलाच हवी. नाही आली तर गुणाकारात चूक आहे. ही पडताळणी करायला दहा सेकंद लागतात, पण ती सोडू नका. विशेषतः जे लोक १.५४ ने गुणून झाल्यावर रेती-गिट्टी काढताना पुन्हा एकदा १.५४ ने गुणतात, त्यांची चूक इथेच पकडली जाते.

पोती

३५ घनफुटांची पोती करताना पोत्याचं माप धरावं लागतं. ५० किलोला १४४० ने भागलं तर ०.०३४७ घनमीटर, म्हणजे १.२३ घनफूट येतात. साइटवर सोयीसाठी सव्वा घनफूट धरतात. सव्वाने भागलं तर २८ पोती, १.२३ ने भागलं तर २८.५. म्हणजे २९ पोती हिशेबाची. एक जास्त ठेवा, ३० मागवा. त्याहून जास्त वाढवू नका. काही ठेकेदार १.५४ लावून झाल्यावर वर आणखी दहा टक्के वाया जाणारा माल म्हणून लावतात. १.५४ मध्ये तीनेक टक्क्यांची सोय आधीच आहे, त्यामुळे दहा टक्के म्हणजे तीन पोती विनाकारण अंगणात पडून राहतात आणि पावसाळी हवेत गोळे धरतात.

एक आकडा लक्षात ठेवा, तो शेवटी कामाला येईल. या प्रमाणात एका पोत्यातून सुमारे ४.४ घनफूट काँक्रीट मिळतं.

आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत एम २० च्या ठरावीक मिश्रणासाठी पोत्यामागे रेती-गिट्टी मिळून २५० किलो आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर दिलेलं आहे. आपल्या हिशेबात ५२.५ लिटर रेतीचं वजन सुमारे ८४ किलो आणि १०५ लिटर गिट्टीचं सुमारे १५८ किलो, एकूण २४२ किलो होतं. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ आले की हिशेब बरोबर आहे असं समजावं. पाण्याबाबत मात्र मी ३० पर्यंत जायला सांगणार नाही. लोखंडाच्या कामाला सौम्य हवेतसुद्धा पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.५५ च्या वर जाऊ नये असं तोच ग्रंथ म्हणतो, म्हणजे पोत्याला साडेसत्तावीस लिटर. २५ वर ठेवा आणि व्हायब्रेटर लावा. अकोला-बुलढाण्याकडच्या खारपाण पट्ट्यात तर विहिरीचं खारं पाणी स्लॅबला घेऊच नका, त्यातल्या क्षारांनी लोखंड गंजतं.

रेती: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

५२.५ घनफूट म्हणजे अर्ध्या ब्रासच्या किंचित वर, कारण एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पण हा आकडा कोरड्या रेतीचा आहे, आणि नदीतून किंवा नाल्यातून आलेली रेती कोरडी कधीच नसते.

ओलसर रेतीच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो आणि रेती फुगते. पाच-सहा टक्के ओल असताना मध्यम रेती पाव हिश्शाने, बारीक रेती त्याहूनही जास्त फुगते. गंमत अशी नाही, तर अडचण अशी की पूर्ण भिजून पाण्याखाली गेल्यावर ती पुन्हा कोरड्या मापावर येते. म्हणून मधल्या ओलीतली रेती मोजणं सगळ्यात फसवं.

तुमच्या ढिगाची रेती किती फुगलेली आहे, ते घरच्या घरी कळतं. सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा घ्या. ढिगाच्या आतली, वरची सुकलेली नव्हे, अशी रेती त्यात सैल भरा आणि वरून सपाट करा. उंची मोजा, समजा २० सेंटीमीटर आली. रेती दुसऱ्या भांड्यात काढा. डबा अर्धा पाण्याने भरा, रेती हळूहळू परत टाका, सळईने ढवळा आणि बसू द्या. आता उंची मोजा. समजा १६ सेंटीमीटर आली. २० ला १६ ने भागा, १.२५. तुमची रेती पंचवीस टक्के फुगलेली आहे.

मग ५२.५ गुणिले १.२५, म्हणजे सुमारे ६६ घनफूट रेती लागेल. अर्ध्या ब्रासने काम भागणार नाही, दोन-तृतीयांश ब्रास घ्यावी लागेल, आणि थोडी सांडणार म्हणून ०.७ ब्रास सांगा.

हा गुणाकार केला नाही तर काय होतं? ५२.५ घनफूट ओली रेती म्हणजे खरी ४२ घनफूटच. साडेदहा घनफूट रेती कमी पडली. त्यामुळे काँक्रीट सहा-सात घनफुटांनी कमी भरतं, पण त्याहून वाईट म्हणजे गिट्टीच्या फटी भरायला मसालाच पुरत नाही. फळ्या काढल्यावर स्लॅबच्या खालच्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, कधी आतली सळईही दिसते. मिस्त्री मग सिमेंटचा गिलावा मारून ते झाकतो. झाकू देण्याआधी एकदा रेतीचा हिशेब तपासा.

ओल्या रेतीसोबत पाणीही येतं. पोत्यामागच्या ८४ किलो रेतीत पाच टक्के ओल म्हणजे चार लिटर पाणी. तेवढं वरच्या २५ लिटरमधून वजा करून २१ लिटरच घाला.

ट्रॉलीचं माप सांगणाऱ्याच्या तोंडावर सोडू नका. आतून टेप लावा. ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दीड फूट उंच ट्रॉली काठोकाठ भरली तर ७४ घनफूट होतात, म्हणजे पाऊण ब्रास. तिला कोणी एक ब्रास म्हणत असेल तर टेप दाखवा.

गिट्टी

गिट्टी फुगत नाही. १०५ घनफूट म्हणजे एक ब्रास आणि वर पाच घनफूट. सव्वा ब्रास आणण्याची गरज नाही, १.१ पुरे. यातली साधारण दोन-तृतीयांश २० एमएम आणि एक-तृतीयांश १० एमएम असावी. दोन्ही मिळून तीन भाग. तीन भाग मोठी आणि वर एक भाग बारीक, असं अनेकदा केलं जातं. तेव्हा प्रमाण १:१.५:४ होतं आणि काँक्रीट कमजोर पडतं.

खाणीवर टनाने विकत असतील तर एक ट्रॉली मापाने आणि वजनाने दोन्ही मोजून घ्या. पश्चिम विदर्भातला काळा दगड जड असतो आणि गडचिरोली-गोंदियाकडचा ग्रॅनाइटसारखा दगड त्यापेक्षा हलका, त्यामुळे एका टनात किती घनफूट बसतील ते ठिकाणाप्रमाणे बदलतं. प्रमाण घनफुटांचं आहे, हे विसरू नका.

मोजायला फर्मा

कागदावरचं प्रमाण मिक्सरपर्यंत पोहोचवायला लाकडी फर्मा लागतो. एक फूट लांब, सव्वा फूट रुंद, एक फूट उंच, आतल्या मापाचा. तो बरोबर सव्वा घनफुटांचा, म्हणजे एका पोत्याएवढा होतो. एका पोत्याला गिट्टीचे तीन फर्मे. रेतीचा कोरडा हिशेब दीड फर्मा, पण आपली रेती पंचवीस टक्के फुगलेली आहे, म्हणून १.८७५ फर्मे. एक पूर्ण भरा आणि दुसरा साडेदहा इंचांपर्यंत. आतल्या बाजूला खिळ्याने रेघ मारून ठेवा, म्हणजे मजुराला आकडेमोड करावी लागत नाही. घमेल्याने मोजलं तर सकाळी काठोकाठ आणि दुपारी शीग लावून, असा फरक पडतोच.

माल पूर्ण वाटण्याआधी एक चाचणी करायला हरकत नाही. दोन लिटरच्या मापाने सिमेंट एक, रेती दीड, गिट्टी तीन मापं घ्या. रेती इथे मुद्दाम कोरडी करून घ्या. एकूण ११ लिटर झाले. १.४ लिटर पाण्यात मिसळा आणि बादलीत सळईने ठोकून बसवा. सुमारे सव्वासात लिटर भरलं तर तुमच्या मालाला १.५४ लागू आहे. आठच्या जवळ गेलं तर गिट्टी चांगली मिसळलेली आहे आणि माल थोडा उरेल. सातच्या खाली राहिलं तर दोन-तीन पोती जास्त सांगून ठेवा.

१.५४ कुठे लावू नये

बांधकामाच्या आणि प्लास्टरच्या मसाल्याला गिट्टी नसते, म्हणून त्याचा आकडा वेगळा, साधारण १.३ च्या आसपास धरतात. १:२:४ च्या जमिनीच्या काँक्रीटला मात्र १.५४ चालतो, फक्त भागाकार ७ ने करायचा. एम २५ किंवा त्यापुढच्या मिश्रणाचं प्रमाण प्रयोगशाळेत वजनाने ठरवतात. तिथे प्रत्येक मालाचं वजन घनमीटरमागे दिलेलं असतं, ते सरळ वापरा.

स्लॅबखाली तुळई असेल तर तिचं माप वेगळं मिळवावं लागतं. पंधरा फूट लांब, नऊ इंच रुंद आणि स्लॅबच्या खाली एक फूट उतरलेली तुळई ११.२५ घनफूट होते. तिला अडीच पोती जास्त लागतात. सळयांची जागा वजा करायची नाही, ती फारच थोडी असते.

जाडीकडे खास लक्ष द्या. सेंट्रिंग अर्धा इंच जरी खाली बसलं किंवा फळ्या वरखाली असल्या, तर या स्लॅबला साडेबारा घनफूट काँक्रीट जास्त लागतं, म्हणजे जवळपास तीन पोती. फॅक्टर बरोबर असूनही माल कमी पडला असं वाटतं, तेव्हा कारण बहुधा हेच असतं.

टाकताना पडताळा

स्लॅब एका बाजूने सुरू करा आणि दहा पोती झाली की थांबून टेप लावा. दहा पोत्यांतून ४४ घनफूट काँक्रीट मिळतं. पाच इंच जाडीने त्यात १०५ चौरस फूट झाकले जायला हवेत, म्हणजे पंधरा फूट रुंदीत सात फूट लांबी. तुळई आधी भरली असेल तर तिची अडीच पोती सोडून मोजा.

सात फुटांवर असाल तर पुढे चला. सहा फुटांवरच अडकला असाल तर चार-सहा ठिकाणी सळई खोचून जाडी पाहा. ती पाऊण-एक इंच जास्त निघाली तर सेंट्रिंग दबलेलं आहे. काँक्रीट थांबवून खालचे टेकू कसून घ्या. जाडी बरोबर असेल तर रेतीचा फर्मा रेघेपर्यंत भरतोय का ते पाहा. आणि उरलेल्या तेरा-चौदा फुटांना किती पोती लागतील ते आता दिसणाऱ्या वेगाने काढून दुकानाला त्याच वेळी फोन करा, कारण गाडी यायला लागणारा वेळ तुमच्याकडे अजून शिल्लक आहे.